कोथिंबीर वडी उकडलेली, तव्यावरची, एअर फ्रायरमधली की तळलेली? वजन उतरवताना विचारले जाणारे प्रश्न

लातूरला माझ्याकडे आहाराचा सल्ला घ्यायला येणाऱ्यांपैकी निम्मे लोक पहिल्या पाच मिनिटांत एअर फ्रायरवर येतात. मग कोणी इडलीपात्रावर येतं, कोणी विचारतं की तव्यावर परतलेलं चालेल का. प्रत्येकाला वेगवेगळ्या पदार्थांवर उत्तरं देत बसले तर गोंधळ वाढतो. म्हणून इथे मी एकच पदार्थ धरला आहे, कोथिंबीर वडी. मराठवाड्यात पाहुणे आले, पंगत बसली, पोळ्याचा सण आला की ती होतेच. शिवाय एकाच उंड्यातून ती चारही पद्धतींनी करता येते, त्यामुळे तुलना खरी होते. मी जिथे जिथे कॅलरी म्हटलं आहे तिथे पाकिटावर छापलेली किलोकॅलरीच समजावी.

एकाच वडीत पद्धतीने किती फरक पडतो? आकड्यात सांगा.

घरच्या स्वयंपाकघरात वजनकाटा ठेवून केलेला हिशेब देते. बेसन 150 ग्रॅम, ज्वारीचं पीठ 30 ग्रॅम, निवडून चिरलेली कोथिंबीर 100 ग्रॅम, तीळ 10 ग्रॅम, मिरची-लसणाचं वाटण, हळद, मीठ आणि मोहन म्हणून चहाचा एक चमचा तेल. बेसनाच्या साधारण 580 कॅलरी, ज्वारीच्या 100, तिळाच्या 57, तेलाच्या 40, कोथिंबिरीच्या जेमतेम 23. वाटण धरून एकूण 820 च्या आसपास. दोन उंडे करून उकडले आणि वीस वड्या कापल्या. एक वडी सुमारे 20 ग्रॅमची आणि 41 कॅलरींची.

इथपर्यंत चारही पद्धती सारख्याच आहेत. पुढे जे काही वाढतं ते फक्त तेल. तेलाच्या एका ग्रॅमला 9 कॅलरी, एवढं एक लक्षात ठेवलं की पुरे.

एअर फ्रायरसाठी वीस वड्यांना मिळून चहाचे दोन चमचे तेल ब्रशने लावलं, म्हणजे 9 ग्रॅम. वडी 45 कॅलरींची झाली. तव्यावर नेहमीसारखं तेल सोडून परतल्या, त्यात 30 ग्रॅम तेल मुरलं. वडी साडेचौपन्नची. कढईत तळल्या तेव्हा 50 ग्रॅम तेल वड्यांत गेलं, वडी साडेत्रेसष्टची.

आता पाच वड्यांची बशी समोर धरा. उकडलेली 205, एअर फ्रायरची 225, तव्यावरची 270 च्या थोडी वर, तळलेली 317. तळलेल्या आणि उकडलेल्या बशीत 110 कॅलरींचा फरक आहे. बऱ्याच जणांना तो तिप्पट-चौपट असेल असं वाटत असतं. तसं नाही, कारण वडीतल्या बहुतेक कॅलरी बेसनाच्या आहेत आणि बेसन कोणत्याही पद्धतीत तेवढंच राहतं. "उकडलेल्या आहेत" म्हणून दहा खाल्ल्या तर 410 होतात. तळलेल्या पाच त्यापेक्षा बऱ्या.

तव्यावर फक्त दोन चमचे तेलात परतल्या तर?

तर एअर फ्रायरइतक्याच, 45 कॅलरींच्या. मशीन कॅलरी कमी करत नाही, ते फक्त कमी तेलात रंग आणू देतं. जाड बुडाचा किंवा न चिकटणारा तवा असेल, वड्या पूर्ण गार झालेल्या असतील आणि मंद-मध्यम आचेवर प्रत्येक बाजूला चार-पाच मिनिटं धीर धरलात तर तेच काम तव्यावरही होतं. दोन मोठ्या बाजूंना रंग येतो, कडा मात्र पांढुरक्या राहतात. एअर फ्रायरमध्ये चारही बाजू खुसखुशीत होतात. फरक खाण्याच्या मजेत आहे, वजनाच्या हिशेबात नाही.

तव्यावर गडबड होते ती किटलीमुळे. पहिल्यांदा तेल सोडलं, वड्या उलटल्या, तवा कोरडा वाटला म्हणून पुन्हा कडेने धार सोडली, दुसऱ्या घाण्याला पुन्हा. अशा धारा मोजून पाहिल्या तर तव्यावरची वडी तळलेल्या वडीच्या पुढे गेलेली मी स्वतः पाहिली आहे. कढईत उरलेलं तेल आपण परत गाळून ठेवतो, तव्यावरचं सगळं वडीत जातं. म्हणून एक सोपी सवय लावा: वड्यांसाठी लागणारं तेल आधी छोट्या वाटीत चमच्याने मोजून काढायचं आणि किटली ओट्यावरून उचलून ठेवायची. वाटी संपली की तेल संपलं.

वडी तळताना तेल नक्की कधी पितं?

याचं उत्तर कळलं की तळतानाही बरंच तेल वाचवता येतं. वडी गरम तेलात पडली की तिच्यातल्या पाण्याची वाफ होऊन बाहेर धावते. तेच ते बुडबुडे. वाफ बाहेर येत असते तोवर ती तेलाला फारसं आत येऊ देत नाही. वडी झाऱ्यावर आली, बाहेरची हवा लागली की आतली वाफ थंड होऊन आटते, आत पोकळी तयार होते आणि वडीच्या अंगाला चिकटलेलं तेल त्या पोकळीत ओढलं जातं. म्हणजे बरंचसं तेल कढईबाहेर काढल्यावर आत जातं.

म्हणून तळून काढलेल्या वड्या ताटात एकावर एक रचून ठेवू नका. झारा कढईच्या काठावर आठ-दहा सेकंद तिरका धरून तेल निथळू द्या, लगेच चाळणीत किंवा कागदावर एका थरात सुट्ट्या पसरा आणि वरून दुसरा कागद दाबा. हे गरम असतानाच करायचं. वडी गार झाल्यावर कागदाला फारसं काही लागत नाही, कारण तोवर तेल आत गेलेलं असतं.

बाकी कारणं तुमच्या हातातली आहेत. पीठ सैल भिजवलं तर वडीत पाणी जास्त, वाफ जास्त, पोकळ्या जास्त आणि तेलही जास्त. सोडा घातला तरी तेच: वडी हलकी होते आणि जाळीदार भागात तेल बसतं. फार पातळ कापली तर तेवढ्याच पिठाला पृष्ठभाग वाढतो. आणि उकडलेला उंडा गरम असतानाच कापला तर कडा भुरभुरतात. तो भुगा तेलात पडून काळा होतो आणि तुटलेल्या कडा तेल पितात. आमच्या घरी उंडे सकाळी उकडून ठेवतात आणि संध्याकाळी कापतात. आईने हे काही तेल वाचवायला सुरू केलं नव्हतं, तिला वड्यांचे कोपरे मोडलेले आवडत नसत.

तेल पुरेसं तापलं आहे का हे पाहायला पिठाची चिमूट टाका. ती बुडाशी जाऊन बसली तर थांबा, लगेच वर आली आणि भोवती बारीक बुडबुडे उठले तर तळायला घ्या. कमी तापलेल्या तेलात वडीला रंग यायला वेळ लागतो, ती जास्त वेळ पोहत राहते आणि तेलकट होते.

कढईतलं किती तेल वडीत गेलं हे घरी कसं मोजायचं?

पाच किलोपर्यंतचा साधा डिजिटल काटा हवा. तळण्याआधी गार कढईत तेल ओतून कढईसकट वजन लिहून ठेवा. तळण झाल्यावर कढई पूर्ण गार होऊ द्या, मग पुन्हा वजन करा. गरम कढई काट्यावर ठेवू नका. काटा बिघडेल आणि हातही भाजेल. तळाशी भुगा असेल तर तो चमच्याने काढून टाका. दोन वजनांतला फरक म्हणजे कढईबाहेर गेलेलं तेल. निथळण्याच्या कागदाचं आधीचं आणि नंतरचं वजन घेतलं तर तेवढं त्यातून वजा करा. माझ्या वरच्या हिशेबात कढईचा फरक 58 ग्रॅम आला, कागदाने 8 ग्रॅम घेतलं, म्हणून 50 धरलं.

वड्यांचं वजन करून तेल काढू नका. तळताना वडीतलं पाणी उडतं आणि तेल येतं, दोन्ही एकाच वेळी. 20 ग्रॅमची वडी तळल्यावर पुन्हा साडेएकोणीस ग्रॅमच भरते, आणि माणसाला वाटतं की तेल लागलंच नाही.

मोबाईलमधल्या ॲपमध्ये एअर फ्रायरचा पदार्थ उकडलेल्यापेक्षा जास्त कॅलरीचा दाखवतात. ते चूक आहे का?

चूक नाही, पण फसवं आहे. ॲप 100 ग्रॅमचा आकडा दाखवतं. एअर फ्रायरची गरम हवा वडीतलं पाणी उडवते, 20 ग्रॅमची वडी साडेसोळा ग्रॅमची होते. कॅलरी 45, वजन साडेसोळा, म्हणजे 100 ग्रॅमला 273. उकडलेली 20 ग्रॅमला 41, म्हणजे 100 ग्रॅमला 205. खरा फरक वडीमागे 4 कॅलरींचा, दिसतो तो 68 चा. पाणी उडालं म्हणून आकडा फुगला.

म्हणून शिजलेल्या पदार्थाचं वजन टाकून कॅलरी शोधू नका. कच्च्या साहित्याचं वजन घ्या, त्यात गेलेलं तेल मिळवा आणि एकूण नगांनी भागा. भाकरी, धपाटे, वडी, सगळ्यांना हीच रीत लागू पडते.

वड्या एअर फ्रायरमध्ये केल्या की टाळूला टोचतील इतक्या कडक होतात. काय चुकतं?

दोनपैकी एक. एक तर कच्च्या पिठाच्याच वड्या थापून आत ठेवल्या जातात. मग आतलं बेसन शिजेपर्यंत बाहेरचं वाळून जातं. वडी आधी वाफेवरच शिजली पाहिजे. पातेल्यात पाणी उकळल्यावर चाळणीला तेलाचं बोट फिरवून उंडे ठेवा. पाणी चाळणीला लागता कामा नये. झाकणाला आतून फडकं बांधा, नाहीतर झाकणाचे थेंब उंड्यावर पडून वरचा थर चिकट होतो. वीस मिनिटांनी सुरी खुपसून पाहा, कोरडी निघाली की झालं.

दुसरं कारण म्हणजे तेलाला पूर्ण फाटा देणं. तेलाचा पातळ थर उष्णता पृष्ठभागावर सारखी पसरवतो. अगदी कोरड्या वडीला ठिपक्यांसारखा रंग येतो आणि तो येईपर्यंत ती वाळते. वीस वड्यांना दोन चमचे तेल, तेही ब्रशने दोन्ही बाजूंना. तापमान 180 अंश, एका थरात, वेळ दहा ते बारा मिनिटं, मध्ये एकदा उलटायच्या. एका वडीमागच्या त्या 4 कॅलरींसाठी वडी लाकडासारखी करू नका. न आवडलेली वडी खाऊन झाल्यावर माणूस फरसाणाचा डबा उघडतो, हे मी बऱ्याच घरांत पाहिलं आहे.

आणि कांदाभजी एअर फ्रायरमध्ये करायला जाऊ नका. ओलं पीठ जाळीतून खाली गळतं, वर उरतो तो करपलेला कांदा.

मग एअर फ्रायर घ्यावा की नाही?

घरात आठवड्यातून तीन-चार वेळा तळण होत असेल आणि ते बंद होण्याची शक्यता नसेल तर घ्या. महिन्यातून दोनदा होत असेल तर तवा पुरतो. बहुतेक मशीन 1400-1500 वॉटची असतात, नेहमीच्या छोट्या घरगुती इन्व्हर्टरवर ती चालवता येत नाहीत. खेड्यात ऐन स्वयंपाकाच्या वेळी लाईट जाते तिथे हा विचार आधी करा. चार लिटरच्या टोपल्यात एका थरात दहा-बारा वड्या बसतात, म्हणजे सहा जणांच्या घरात तीन घाणे. एक घाणा व्हायला बारा मिनिटं. पहिल्यांदा बसलेल्याचं जेवण उरकेपर्यंत शेवटच्याच्या वड्या होतात.

बाजारातले गोठवलेले तयार तुकडे "एअर फ्रायरमध्ये करा" म्हणून मिळतात. त्यातले बरेच कारखान्यात आधीच एकदा तळलेले असतात. पाकिटामागे स्निग्धांशाचा आकडा पाहा.

उकडलेल्या वडीला फोडणी दिली तर चालेल?

चालेल, आणि रोजच्यासाठी मला हीच पद्धत सगळ्यात आवडते. पोह्याचा एक मोठा चमचा तेल म्हणजे 120 कॅलरी. त्यात मोहरी, जिरं, तीळ, कढीपत्ता टाकून वीस वड्यांवर घातलं तर वडीमागे 6 कॅलरी वाढतात. उकडलेल्या वडीची तक्रार असते की ती सपक लागते. वाफ 100 अंशांच्या वर जात नाही, आणि भाजल्याचा खमंगपणा त्याहून बऱ्याच वरच्या तापमानाला येतो. वाफेत तो येणारच नाही, म्हणून तो फोडणीतून आणायचा.

पण बशीत वडीशेजारी काय वाढलं आहे तेही पाहा. शेंगदाण्याची चटणी दोन चमचे, म्हणजे 20 ग्रॅम, त्याच्या 110 कॅलरी. वरून तेलाची धार, चहाचा एक चमचा धरला तर 40. झाल्या दीडशे. तळण टाळून वाचवलेल्या 110 कॅलरी चटणीने परत आणल्या आणि वर 40 जास्त. चटणी बंद करा असं मी म्हणत नाही, मराठवाड्यात तसं म्हणून कोणी ऐकणारही नाही. ती दह्यात कालवा. तेलाची गरज राहत नाही आणि एका चमच्यात भागतं.

वड्या काही रोज होत नाहीत. रोजच्या जेवणात पद्धतीचा फरक कुठे पडतो?

धपाट्यात. ज्वारीची भाकरी तव्यावर पाण्याचा हात फिरवून भाजतात, तिला तेल लागतच नाही. त्याच पिठाचा धपाटा झाला की मधल्या भोकात आणि कडेने तेल सोडतात. आधी एका बाजूला चमचा, उलटल्यावर दुसरा चमचा, म्हणजे धपाट्यामागे 80 कॅलरी. तीन धपाटे खाणाऱ्याच्या पोटात 240 कॅलरींचं तेल जातं. तळलेल्या वड्यांच्या बशीतलं तेल याच्या निम्म्याहून कमी होतं, तरी लोक धपाट्याला पौष्टिक आणि वडीला तळकट म्हणतात.

धपाटा ओल्या फडक्यावर थापून तव्यावर टाकला की लगेच झाकण ठेवा. त्याच्याच पाण्याच्या वाफेत तो दोन मिनिटांत शिजतो आणि मऊ राहतो. मग झाकण काढून अर्धा चमचा तेल, अर्धा कापलेला कांदा काट्याला टोचून त्याने तव्यावर फिरवायचं आणि दोन्ही बाजू डागाळेपर्यंत भाजायचं. धपाट्यामागे 20 कॅलरी. तीन धपाट्यांत 180 वाचल्या, तेही रोज.

दुसरं ठिकाण म्हणजे वांगं. कच्चं वांगं आतून स्पंजसारखं हवेने भरलेलं असतं, ते तेलात परतायला घेतलं की दोन मिनिटांत तेल गायब होतं आणि कढई कोरडी दिसते. मग आणखी तेल जातं. चिरा दिलेली वांगी आधी पाच-सात मिनिटं वाफवून घ्या, आतली हवा निघून गर बसतो. मग मसाला भरून थोड्या तेलावर टाका आणि वर खोलगट ताटली ठेवून तिच्यात पाणी घाला. ही रीत आजीच्या काळापासून आहे. वरचं गार पाणी वाफेला खाली परत पाठवतं, भाजी लागत नाही आणि सुटावी म्हणून तेल ओतावं लागत नाही.

रश्शाचं मात्र वेगळं आहे. काळ्या मसाल्याच्या आमटीवर जी तर्री तरंगते ती जवळजवळ निव्वळ तेल आहे. एकाच पातेल्यातून ज्याला वरचं वाढलं त्याच्या वाटीत आणि ज्याला तळातलं वाढलं त्याच्या वाटीत शंभर-सव्वाशे कॅलरींचा फरक सहज पडतो. पंगतीत "तर्री मारून" मागणारे आपणच असतो.

करडईचं किंवा घाण्याचं तेल कमी कॅलरीचं असतं ना?

नाही. करडई, शेंगदाणा, सूर्यफूल, घाण्याचं, गाळलेलं, साजूक तूप, ग्रॅमला 9 च्या आसपासच. चव, वास आणि स्निग्धाम्लांचं प्रमाण वेगळं असतं, तो वेगळा विषय आहे.

आम्ही तळण कमी केलं, उकडलेलं खातो, तरी वजन हलत नाही. कुठे पाहू?

तेलाच्या डब्यावर पाहा. नवा डबा फोडला की त्यावर खडूने तारीख लिहा. 15 किलोचा डबा, घरात पाच माणसं आणि तो दोन महिन्यांत संपला, तर 15,000 ग्रॅम भागिले 300, म्हणजे माणशी रोज 50 ग्रॅम तेल, 450 कॅलरी. डब्यावर किलो लिहिलं आहे की लिटर तेही वाचा, 15 लिटर म्हणजे सुमारे साडेतेरा किलो. टाकून दिलेलं तळणाचं तेल आणि देवाच्या दिव्याचं वजा करा, घरी कमी जेवणाऱ्या लेकरांचा अंदाज धरा. आकडा अगदी नेमका येणार नाही, पण पुढचा डबा किती दिवस गेला त्याच्याशी तुलना करायला पुरतो.

एका घरात सुनेने इडलीपात्र काढलं, तळण जवळपास बंद केलं, पण डबा पूर्वीइतक्याच दिवसांत संपत होता. आम्ही दोघींनी एक दिवसाचा स्वयंपाक पाहिला. भाजीला सासूबाई पळीने तेल घालत होत्या. ती पळी काट्यावर भरून पाहिली तर 38 ग्रॅम. दोन वेळच्या दोन-दोन भाज्या आणि वरणाची फोडणी, दिवसाला पाच पळ्या, म्हणजे 190 ग्रॅम. सासूबाईंना काही म्हणायची सोय नव्हती. सुनेने तेलाच्या भांड्यातली पळी बदलून मसाल्याच्या डब्यातला मोठा चमचा ठेवला, 13 ग्रॅमचा. सासूबाई आता पाचाऐवजी आठ चमचे घालतात, दोन-तीन वेळा "आजकालच्या चमच्यात काही मावत नाही" असं म्हणून झालं. पाच आठवड्यांनी विचारलं तर डबा अजून अर्ध्याच्या वर होता.